2041 ची फी: तीन वर्षांच्या मुलीसाठी आज काय करायचं

माझा धाकटा दीर सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याची मुलगी यंदा तीन वर्षांची झाली. दिवाळीत तो एक माहितीपत्रक घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, विम्याचा माणूस म्हणतोय वर्षाला साठ हजार भरा, पंधरा वर्षांनी चौदा लाख मिळतील, पोरीच्या शिक्षणाची काळजी मिटली. सही करू का?" मी त्याला थांबवलं. नंतर तो, जाऊबाई आणि मी अशा तिघांनी दोन रविवार बसून जे ठरवलं, तेच इथे क्रमाने लिहिते. मी हिशेबाच्याच कामात आहे आणि माझ्या मुलीच्या वेळी एक चूक करून बसले होते, तीही पुढे येईल.

आमची मुलगी 2041 च्या पावसाळ्यात अठरा वर्षांची असेल. सगळे आकडे त्या वर्षाभोवती आहेत. तुमचं वर्ष वेगळं असेल, तर आकडे बदलतील, पण पायऱ्या याच राहतील.

आधी पावती मिळवा

"शिक्षणाला पन्नास लाख लागतील, एक कोटी लागतील" असं जो तो सांगतो. त्यावर जाऊ नका. तुमच्या ओळखीत एखादा मुलगा किंवा मुलगी आज दुसऱ्या वर्षाला असेल, त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या पावत्या मागा. जाऊबाईंच्या शेजारणीचा मुलगा पुण्यात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. त्याची कॉलेजची पावती, वसतिगृहाची पावती आणि मेसचं कार्ड असं सगळं टेबलावर मांडलं. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क मिळून एक लाख नव्वद हजार. खोली आणि मेस एक लाख पंचवीस हजार. परीक्षा शुल्क, पुस्तकं, लॅपटॉपचा चौथा हिस्सा, घरी येण्याजाण्याचं भाडं मिळून पस्तीस हजार. एकूण वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे चार वर्षांचे चौदा लाख. कॉलेजच्या संकेतस्थळावर फक्त पहिला आकडा दिसतो, आणि बरेच पालक तेवढाच धरून चालतात. महाराष्ट्रातल्या खासगी व्यावसायिक कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, तिच्याशी पावती ताडून पाहा.

आता हे साडेतीन लाख 2041 मध्ये किती होतील? आम्ही वर्षाला 8 टक्के वाढ धरली. हा अंदाजच आहे. महागाई सरासरी पाच-सहा टक्के धरली, तर फी तिच्यापेक्षा थोडी जास्त धावते असं मानून तो आकडा घेतला. फी दरवर्षी सारखी वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. ती बरीच वर्षं एका जागी राहते आणि मग एकदम उडी मारते. आयआयटीचं बीटेकचं वार्षिक शिक्षण शुल्क 2016 मध्ये 90 हजारांवरून एका झटक्यात 2 लाख झालं होतं. त्यामुळे "गेली तीन वर्षं फी वाढलीच नाही" यावर विसंबून टक्का खाली आणू नका.

मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे लिहा:

```
=350000*1.08^15
```

उत्तर येतं सुमारे 11 लाख 10 हजार. ही पहिल्या वर्षाची फी. दुसऱ्या वर्षाला 12 लाख, तिसऱ्याला 12 लाख 95 हजार, चौथ्याला 14 लाख. बेरीज 50 लाख. दिराच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण हे पन्नास लाख एका दिवशी लागत नाहीत. पहिली फी 2041 ला जाते, शेवटची 2044 ला. मधल्या काळात उरलेले पैसे बँकेत असतील. करानंतर 6 टक्के धरले, तरी 2041 च्या जूनमध्ये हातात साधारण 46 लाख असले तर चारही वर्षं निघतात. आमचं उद्दिष्ट हेच, 46 लाख.

सरकारी सवलतीचा विचार इथेच करून टाका. जुलै 2024 पासून महाराष्ट्रात 8 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. फार मोठी मदत आहे. पण पंधरा वर्षांनी ती याच रूपात असेल आणि दिराचं उत्पन्न तेव्हाही मर्यादेत असेल असं धरून योजना आखता येत नाही. शिवाय खोली आणि मेस तिच्यात नाहीत. मिळाली तर पैसे पुढच्या शिक्षणाला राहतील.

ते माहितीपत्रक

साठ हजार भरा, चौदा लाख घ्या. आकडा मोठा वाटतो, कारण पंधरा वर्षांत आपण नऊ लाख भरतो आणि पाच लाख वर मिळतात. पण त्याचा दर काढा:

```
=RATE(15,-60000,0,1400000,1)
```

साधारण 5.3 टक्के. फी 8 टक्क्यांनी वाढणार आणि पैसे 5.3 टक्क्यांनी, म्हणजे दरवर्षी आपण मागे पडणार. हेच सूत्र तुमच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक "बाल शिक्षण योजने"ला लावा. त्यातला शेवटचा 1 म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरतो. एजंटला हमीची रक्कम आणि "अपेक्षित बोनस" वेगवेगळे लिहून द्यायला सांगा आणि सूत्रात आधी फक्त हमीची रक्कम घाला.

त्या माणसाचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं. बाप गेला तर फी कोण भरणार? त्याचं उत्तर म्हणजे वेगळा मुदत विमा, ज्यात जगलो तर काहीही परत मिळत नाही आणि म्हणून हप्ता कमी असतो. दिराने गुंतवणुकीचा पहिला रुपया टाकण्याआधी तो घेतला. रक्कम ठरवताना आम्ही घराचा दहा वर्षांचा खर्च, घरकर्जाची बाकी आणि मुलीच्या शिक्षणाची आजची किंमत एवढं मिळवलं. जाऊबाई शिवणकाम करून महिन्याला काही कमावतात, त्यांच्याही नावाने छोटा विमा घेतला. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात आधी असायला हवेत, नाहीतर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला मुलीची गुंतवणूक मोडली जाते.

महिन्याला किती

46 लाखांसाठी आम्ही दोन वाटा केल्या. एक सुकन्या समृद्धी, महिन्याला 3,000. दुसरी शेअर बाजारातल्या निफ्टी 50 निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता, महिन्याला 7,000.

सुकन्या खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत उघडता येतं, पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला कमाल दीड लाख भरता येतात, व्याज करमुक्त आहे. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. 2015-16 मध्ये तो 9.2 टक्के होता, मग 7.6 पर्यंत उतरला, जानेवारी 2024 पासून 8.2 झाला. पंधरा वर्षं एकच दर राहणार नाही म्हणून आम्ही 7.5 धरला. पैसे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा. व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर मिळतं, सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही.

आता सुकन्याची एक गोष्ट, जी खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. खात्यात पैसे पंधरा वर्षं भरायचे, पण ते परिपक्व होतं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी. तीन वर्षांच्या मुलीचं खातं ती चोवीस वर्षांची झाल्यावर. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण आधीच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकीच्या निम्मेच, आणि तेही प्रत्यक्ष फीच्या मागणीएवढेच. आमच्या गणितात 2041 मध्ये खात्यात पावणेदहा लाखांच्या आसपास असतील, पण पदवीसाठी उपयोगी पडणारे साडेचार-पावणेपाच लाख. उरलेले पदव्युत्तर शिक्षणाला. म्हणूनच सगळे पैसे सुकन्यात टाकायला मी नाही म्हटलं. जाऊबाईंचा कल तिकडेच होता, कारण पोस्टाचं पुस्तक हातात धरता येतं.

मुलगा असेल तर याच जागी पीपीएफ. तिथेही तारखेचा फेर आहे. पंधरा वर्षं खातं उघडल्याच्या दिवसापासून नाही, त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. मे 2026 मध्ये उघडलेलं खातं 1 एप्रिल 2042 ला परिपक्व होईल, म्हणजे पहिल्या वर्षाच्या फीनंतर. त्याआधी काही रक्कम काढता येते, पण तिलाही मर्यादा आहे.

राहिले साधारण 41 लाख, ते एसआयपीतून. पूर्ण पंधरा वर्षांचा सरासरी परतावा आम्ही 9 टक्के धरला. शेअर बाजारातून लांब पल्ल्यात यापेक्षा जास्त मिळालेलं आहे, पण शेवटची काही वर्षं पैसा बाजारात नसणार आहे आणि करही द्यायचा आहे. दरमहा तेवढीच रक्कम ठेवायची असेल तर 41 लाखांसाठी महिन्याला सुमारे 11,100 रुपये लागतात. दिराला ते झेपत नव्हतं. मग आम्ही 7,000 ने सुरुवात करून दरवर्षी 8 टक्के वाढवायचं ठरवलं. दुसऱ्या वर्षी 7,560, पाचव्या वर्षी साडेनऊ हजार, पंधराव्या वर्षी साधारण 20,500. आज वीस हजारांचा हप्ता भयंकर वाटतो, पण पगारही तेव्हा आजचा नसेल. बहुतेक ठिकाणी एसआयपी सुरू करतानाच वार्षिक वाढीचा पर्याय निवडता येतो. तो तिथेच निवडून टाका. दरवर्षी आठवणीने वाढवू म्हणणारे वाढवत नाहीत.

फंड एकच का? कारण निफ्टी 50 मध्ये पन्नास मोठ्या कंपन्या आहेतच, आणि पंधरा वर्षांत कुठला फंड व्यवस्थापक चांगला ठरेल हे मला आज कळत नाही. पाच फंड घेतले की दरवर्षी "कुठला काढू, कुठला ठेवू" हा घोळ सुरू होतो. फंड घेताना खर्चाचं प्रमाण पाहा. तिथे एक टक्का जास्त गेला आणि 9 ऐवजी 8 टक्केच हाती आले, तर आमच्या हिशेबात 41 लाखांऐवजी साडेअडतीस लाखच होतात.

नाव कोणाचं

इथे माझी चूक. मुलगी लहान असताना मी फंड तिच्याच नावाने घेतला, पालक म्हणून सही माझी. वाटलं, तिचे पैसे तिच्या नावाने, मोडायला हात धजावणार नाही. ती जूनमध्ये अठराची झाली आणि फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, गोठला. अल्पवयीनाचं खातं सज्ञान झाल्यावर तसंच चालत नाही. तिचं पॅन, तिचं केवायसी, बँक खातं सज्ञान म्हणून बदलणं, त्या खात्यावर तिची सही, मग फंडाकडे अर्ज. पॅन आलं तर बँकेने सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत पाठवला. तिकडे कॅप राउंडमध्ये तिला जागा लागली होती, आणि जागा मिळाल्यावर प्रवेश पक्का करायला मोजकेच दिवस असतात. पैसे होते, पण काढता येत नव्हते. माझ्या भावाने त्याची एफडी मोडून फी भरली. आमचे पैसे सुटले ते तीन आठवड्यांनी.

म्हणून दिराला सांगितलं, फंड तुझ्या नावाने घे, जाऊबाईंना संयुक्त धारक किंवा वारस नेमून ठेव. मुलांच्या नावाने ठेवलं तर कर वाचतो हाही गैरसमज आहे. अल्पवयीन मुलाचं गुंतवणुकीचं उत्पन्न साधारणपणे आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सुकन्या खातं मुलीच्याच नावाने असतं, त्याला इलाज नाही. तिचं पॅन आणि बँक खातं मात्र ती सतरा वर्षांची असतानाच तयार करून ठेवा, आणि अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात बँकेत जा.

पैसा बाजारातून कधी काढायचा

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हे. पंधरा वर्षांचा पैसा शेअर बाजारात टाकायला आता लोक घाबरत नाहीत. पण फीची तारीख पक्की असते आणि बाजाराची नसते. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,400 च्या आसपास होता. 23 मार्चला तो 7,610 वर बंद झाला. ज्या बापाने मे महिन्याच्या फीचे 11 लाख इंडेक्स फंडात ठेवले होते, त्याचे दोन महिन्यांत पावणेसात-सात लाख झाले. त्या वेळी बाजार लवकर सावरला. 2008 मध्ये तसं झालं नाही. जानेवारीत 21 हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 8 हजारांच्या खाली गेला आणि जुनी उंची परत दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला. तीही टिकली नाही.

आमचा नियम साधा आहे. ज्या वर्षाची फी, ती भरायच्या चार वर्षं आधी तेवढी रक्कम बाजारातून बाहेर. 2041 ची फी 2037 मध्ये काढायची. 2042 ची 2038 मध्ये, 2043 ची 2039 मध्ये, 2044 ची 2040 मध्ये. 2040 संपताना बाजारात काहीच उरत नाही.

आकड्यांत पाहू. बाजाराने पहिली अकरा वर्षं साधारण 11 टक्के दिले असं धरलं, तर 2037 च्या मध्यात फंडात 24 लाखांच्या आसपास असतील. 2041 ला 11 लाख 10 हजार हवेत. 6 टक्क्यांनी चार वर्षांत तेवढे व्हायला 2037 मध्ये 8 लाख 80 हजार बाजूला काढावे लागतात. तेवढी युनिट्स विकून एफडी करायची, मुदत संपण्याची तारीख मे 2041. उरलेले पंधरा लाख बाजारात वाढत राहतील. 2037 पासूनची नवी एसआयपी मात्र फंडात नाही टाकायची, ती रिकरिंगमध्ये वळवायची. त्यामुळे 2038 मध्ये दुसऱ्या वर्षाची साडेनऊ लाखांची तजवीज करताना दोन लाख रिकरिंगचे असतील आणि साडेसात लाखांचीच युनिट्स विकावी लागतील. असं करत 2040 ला फंड रिकामा होतो. शेवटच्या फीला जी पाच-सहा लाखांची तूट दिसते, ती सुकन्यातली निम्मी रक्कम आणि शेवटच्या वर्षाचं रिकरिंग भरून काढतात.

विक्री एका दिवशी करू नका. वर्षाचे बारा तुकडे करा, दर महिन्याला एक, म्हणजे एकाच वाईट दिवसाच्या भावाला सगळं जात नाही. करासाठीही थोडा विचार हवा. आजच्या नियमाने, 23 जुलै 2024 पासून, इक्विटी फंड एक वर्षापेक्षा जास्त ठेवून विकला तर आर्थिक वर्षातला सव्वा लाखांपर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. विकताना आधी घेतलेली युनिट्स आधी जातात, त्यामुळे पहिल्या विक्रीत नफ्याचा भाग मोठा असतो. बारा तुकडे ऑक्टोबर ते सप्टेंबर असे केले, तर ते आपोआप दोन आर्थिक वर्षांत विभागले जातात आणि सव्वा लाखाची सूट दोनदा मिळते. 2037 पर्यंत हे नियम बदललेले असतील. 2004 ते 2018 या काळात हा कर नव्हताच. म्हणून विक्रीच्या वर्षी आधी नियम पाहा, मग तुकडे पाडा.

दिराने विचारलं, "आणि 2037 मध्येच बाजार पडलेला असला तर?" तरी काढायचे. वर येईल म्हणून वाट पाहणारा माणूस वर आल्यावर आणखी वरची वाट पाहतो. ज्या वर्षी कमी पडतील, त्या वर्षापुरतं शिक्षणकर्ज घ्यायचं. सरकारी हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला तारण लागत नाही. पंधरा वर्षं जमवलेल्या रकमेच्या शेवटी तीन-चार लाखांचं कर्ज घेणं यात योजना फसली असं काही नाही. चार वर्षांचं अंतर ही हमी नाही, 2008 चं उदाहरण वर आहेच. पण चौथ्या वर्षाच्या फीला तोवर बाजारात थांबायला वेळ मिळतो, पहिल्या वर्षाच्या फीला तो वेळ नसतो.

बाहेर काढलेला पैसा कुठे ठेवायचा, यात आपल्याकडे एक चूक फार होते. पतसंस्था बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त देते, संचालक ओळखीचे असतात, घराजवळ असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँकेतही, पण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच. आमच्या 8 लाख 80 हजारांच्या तीन एफडी तीन बँकांत करायच्या असं ठरलं आहे. त्यांचं व्याजही पाच लाखांच्या आत बसायला हवं, आणि दोनच बँकांत ते बसत नाही.

दरवर्षी काय पाहायचं

वर्षातून एकदा, मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या युनिटचा भाव, रोज पाहू नका. तीन गोष्टी तपासा: एसआयपी खरंच 8 टक्क्यांनी वाढली का, फी आपल्या अंदाजाच्या आसपास वाढते आहे का, आणि फंडातली रक्कम कुठे आहे. आमच्या हिशेबाने पाच वर्षं पूर्ण होताना फंडात साधारण 6 लाख हवेत, दहा वर्षं पूर्ण होताना 18 लाख. पाचव्या वर्षी सहाऐवजी पाच असले तरी घाबरण्यासारखं नाही, बाजार खाली असेल. पण दहाव्या वर्षी 18 ऐवजी 13 च्या आसपास असतील, तर आधी एसआयपीचे हप्ते बघा. सात हजारांवर वाढ न करता तशीच चालू ठेवली तर नेमके साडेतेरा लाखांच्या आसपास होतात. बाजाराला दोष देण्याआधी हे तपासायचं.

फीची पावती दर तीन वर्षांनी नवी मागवायची. शेजारणीचा मुलगा पास होऊन जाईल, तोवर दुसरं कोणीतरी कॉलेजात असेलच. मुलगी आठवी-नववीत गेली की तिचा कल दिसू लागेल. इंजिनिअरिंगऐवजी फाइन आर्ट्स असेल तर आकडा खाली येईल, खासगी मेडिकल असेल तर आमचे 46 लाख पुरणार नाहीत, हे मी दिराला आजच स्पष्ट सांगितलं आहे. तो हिशेब तेव्हा नव्याने मांडावा लागेल, आणि त्यात कर्जाचा वाटा मोठा असेल.

सध्या झालेलं काम एवढं: मुदत विम्याची वैद्यकीय तपासणी झाली, पॉलिसी आली. सुकन्या खातं पोस्टात उघडलं, दर महिन्याच्या दोन तारखेला पैसे आपोआप वळते होतात. एसआयपीची तारीख सात, कारण दिराचा पगार पाचला होतो. खाते क्रमांक, फोलिओ क्रमांक, वारसांची नावं आणि "2037: पहिली विक्री" असं लिहिलेला एक कागद जाऊबाईंच्या कपाटात आहे, त्याचा फोटो माझ्याकडे आहे.